तिरुमलाचे ३०० रुपयांचे दर्शन तिकीट नीट कसे वाचावे: प्रवेशाची वेळ, पोशाख आणि रद्द न होण्याची अट

तिरुमला येथील श्री वेंकटेश्वर स्वामींच्या दर्शनासाठी ऑनलाइन आरक्षण केल्यावर हातात येतो तो साधारण एका पानाचा कागद. त्यावर नावे असतात, तारीख असते, एक वेळ असते आणि खाली बारीक अक्षरांत काही सूचना असतात. बहुतेक कुटुंबांत हा कागद ‘तिकीट मिळाले’ एवढ्यापुरताच पाहिला जातो आणि प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत मोबाईलमध्ये पडून राहतो. गेली अनेक वर्षे मी नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची ही आरक्षणे करून देत आलो आहे. दर्शनाच्या दिवशी जी धांदल उडते तिचे कारण बहुतेक वेळा त्याच कागदावर छापलेले असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून या लेखात केवळ ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाचे तिकीट घेतले आहे आणि ते वरपासून खालपर्यंत ओळीने वाचले आहे. विनामूल्य सर्वदर्शन, सेवा आणि उत्सवकाळातील खास दर्शने यांचे नियम निराळे असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

उदाहरणासाठी मिरजेजवळचे एक सहा जणांचे कुटुंब समोर ठेवू या. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६६ वर्षांच्या, त्यांचा मुलगा आणि सून, १४ वर्षांची नात आणि ९ वर्षांचा नातू. कोल्हापूरहून निघणाऱ्या हरिप्रिया एक्सप्रेसने मिरजेहून तिरुपतीला जायचे आणि परत आल्यावर कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घ्यायचे, असा आपल्याकडच्या अनेक घरांत ठरलेला बेत यांचाही आहे.

सर्वांत खालची ओळ सर्वांत आधी

तिकिटाच्या सूचनांमधील रद्द करण्याविषयीची अट शेवटी छापलेली असली तरी वाचण्याच्या क्रमात ती पहिली असली पाहिजे. ही अट अगदी थोडक्यात अशी आहे: एकदा घेतलेले तिकीट रद्द करता येत नाही, दर्शनाची तारीख पुढे ढकलता येत नाही, अलीकडे आणता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. रेल्वेच्या तिकिटाप्रमाणे काही टक्के रक्कम कापून उरलेली परत मिळण्याची सोय येथे नाही, आणि एस. टी. च्या आरक्षणासारखा तारीखबदलही नाही.

या अटीचा खरा अर्थ घरातल्या अडचणींच्या संदर्भात समजून घ्यावा लागतो, कारण आरक्षण साधारण तीन महिने आधी होते आणि तीन महिन्यांत घरात काय घडेल हे कोणालाच सांगता येत नाही. मधल्या काळात सुतक आले, सोहेर आले, कोणी रुग्णालयात दाखल झाले, मुलांच्या परीक्षेची तारीख बदलली किंवा रेल्वेगाडीच रद्द झाली, तरी दर्शनाच्या तिकिटाची रक्कम परत येत नाही. सुतकाच्या बाबतीत तर काही घरांत फार ओढाताण होते, कारण पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा ‘देवाने बोलावले आणि आपण गेलो नाही’ ही रुखरुख मोठी असते. अशा वेळी तिकीट सोडून द्यावे आणि पुढच्या कोट्यात नव्याने प्रयत्न करावा, एवढाच मार्ग उरतो.

यातली एक बाजू मात्र दिलासा देणारी आहे. एकाच आरक्षणात पाच जणांची नावे असतील आणि त्यांतला एक जण येऊ शकला नाही, तर उरलेल्या चौघांचे दर्शन त्यामुळे अडत नाही. जो येत नाही त्याचे ३०० रुपये जातात, बाकीचे आपापली ओळखपत्रे दाखवून आत जातात. न येणाऱ्याच्या जागी काका, मावशी किंवा शेजारी यांना नेण्याचा विचार मात्र करू नये. तपासणीच्या टेबलावर तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव समोरासमोर धरले जाते, आणि ‘त्यांच्याऐवजी हे आले आहेत’ या वाक्याला तेथे काही किंमत नाही.

याच अटीच्या आधारे एक फसवणूक चालते, ती येथेच सांगतो. ‘आमच्याकडे रद्द झालेली तिकिटे आहेत’ किंवा ‘तुमच्या तिकिटाची तारीख बदलून देतो’ असे कोणी म्हणाला, तर तो खोटे बोलत आहे हे वरच्या अटीवरूनच सिद्ध होते, कारण तिकिटे रद्दच होत नाहीत, तर रद्द झालेली तिकिटे येणार कोठून? माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आपल्या गावातल्या एका प्रवास एजंटकडून असे बदललेले तिकीट घेतले होते. कागद दिसायला हुबेहूब होता, पण स्कॅन केल्यावर त्यावरची नावे दुसऱ्याच कोणाची निघाली आणि सहा जणांना दारातून परतावे लागले. आरक्षणासाठी तिरुमला तिरुपती देवस्थानम् म्हणजे टीटीडीचे अधिकृत संकेतस्थळ पुढीलप्रमाणे आहे, आणि पत्ता असाच, अक्षर न अक्षर जुळवून टाइप करावा:

```
ttdevasthanams.ap.gov.in
```

पत्त्याच्या शेवटी असलेले `.ap.gov.in` हे आंध्र प्रदेश सरकारच्या संकेतस्थळाचे चिन्ह आहे. मिळतेजुळते नाव आणि शेवटी दुसरेच काही, अशी बनावट संकेतस्थळे यापूर्वी अनेकदा आढळली आहेत. शोध घेऊन वर दिसणाऱ्या पहिल्या दुव्यावर टिचकी मारण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करणे म्हणूनच श्रेयस्कर.

नावे, वये आणि ओळखपत्रे

अट कडक असल्यामुळे सारी काळजी पैसे भरण्याच्या आधी घ्यावी लागते. गेल्या काही वर्षांतली पद्धत अशी राहिली आहे की, ३०० रुपयांच्या तिकिटांचा कोटा महिन्याच्या २४ तारखेच्या सुमारास सकाळी १० वाजता खुला होतो आणि तो पुढच्या तिसऱ्या महिन्याचा असतो, म्हणजे जूनमध्ये सप्टेंबरची तिकिटे मिळतात. तारीख टीटीडी आधी जाहीर करते, ती पाहून ठेवावी. मागणी फार असल्यामुळे सोयीच्या तारखा लवकर संपतात, आणि त्या घाईत नावे चुकतात. म्हणून आदल्या दिवशीच एका कागदावर प्रत्येकाचे नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक स्वच्छ लिहून, दोनदा ताडून समोर ठेवावा. मोबाईल क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन होते आणि एका वेळी सहा जणांपर्यंत नावे घालता येतात.

नावाच्या बाबतीत मराठी घरांत एक चूक वारंवार होते. सुनेचे आधार कार्ड अजून माहेरच्या नावाचे असते आणि फॉर्म भरणारा दीर किंवा सासरा सवयीने सासरचे नाव लिहून मोकळा होतो. क्रमांक बरोबर, पण नाव वेगळे, असा हा घोळ तिकीट हाती आल्यावर दुरुस्त करता येत नाही. नियम सोपा आहे: घरात काय हाक मारतात किंवा लग्नपत्रिकेत काय छापले होते याचा विचार न करता, जे ओळखपत्र बरोबर नेणार आहोत त्यावर जसे नाव छापले आहे तसेच लिहावे. मधले नाव, आडनाव यांचा क्रमही तसाच ठेवावा. दर्शनाच्या दिवशी तेच मूळ ओळखपत्र बरोबर लागते. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो पुरेल असे समजू नये, विशेषतः मोबाईलचा विषय पुढे येणारच आहे.

आपल्या कुटुंबात नातू ९ वर्षांचा आहे. १२ वर्षांखालील मुलांना पालकांबरोबर तिकिटाशिवाय प्रवेश मिळतो, त्यामुळे सहा जणांसाठी पाचच तिकिटे आणि १५०० रुपये लागतील. मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून त्याचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला बरोबर ठेवावा, कारण अंगाने थोराड मुलाकडे पाहून वय विचारले जाणे स्वाभाविक आहे. येथे तीन महिन्यांचे अंतर पुन्हा विचारात घ्यावे लागते. समजा, नातू आरक्षणाच्या दिवशी ११ वर्षे १० महिन्यांचा असता, तर दर्शनाच्या दिवशी तो १२ वर्षे पूर्ण केलेला असता आणि त्याच्याकडे तिकीट नसते. अशा सीमेवरच्या मुलासाठी ३०० रुपयांचे तिकीट काढणे हाच शहाणपणा आहे.

आजोबा आणि आजी दोघेही ६५ वर्षांपुढचे आहेत. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी वेगळा विनामूल्य कोटा असतो आणि तो पाहून अनेक मुले आनंदाने आईवडिलांचे आरक्षण तिकडे करतात. त्यात चूक काही नाही, पण त्या कोट्याची वेळ वेगळी आणि प्रवेशही वेगळा असतो, त्यामुळे कुटुंब दोन ठिकाणी विभागले जाते. तेलुगू किंवा हिंदी न बोलणारे, मोबाईल जमा केलेले दोन वृद्ध गर्दीत एकटे राहणार असतील, तर ६०० रुपये खर्चून सर्वांनी एका रांगेत राहणे मला अधिक योग्य वाटते. याउलट, ज्यांना फार वेळ उभे राहणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठांचा कोटा खरोखर उपयोगी आहे. हा निर्णयही पैसे भरण्याआधीच घ्यायचा आहे.

पैसे खात्यातून वळते झाले आणि तिकीट मात्र तयार झाले नाही, असेही कधी घडते. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी आपल्या लॉगिनमधील आरक्षणांचा इतिहास उघडून पाहावा. तिकीट तेथे दिसत असेल तर ते डाउनलोड करून घ्यावे. दिसत नसेल तर ते झालेले नाही आणि रक्कम काही कामकाजी दिवसांत खात्यात परत येते. ‘पैसे परत मिळत नाहीत’ ही अट तयार झालेल्या तिकिटाला लागू आहे, फसलेल्या व्यवहाराला नाही. बँकेचा संदेश म्हणजे तिकीट नव्हे, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

छापलेली वेळ कशाची?

तिकिटावर तारखेबरोबर रिपोर्टिंगची वेळ छापलेली असते. आपल्या कुटुंबाला दुपारी १ ची वेळ मिळाली आहे. या वेळेचा अर्थ १ वाजता गाभाऱ्यासमोर उभे राहू असा नाही, १ वाजता तिकिटावर लिहिलेल्या प्रवेशाच्या ठिकाणी रांगेत दाखल व्हायचे, असा आहे. तेथून पुढे तपासणी, वैकुंठम क्यू कॉम्प्लेक्समधली वाट आणि मग मंदिर, असा प्रवास असतो. साधारण दिवशी त्याला दोन ते चार तास लागतात, आणि सुट्ट्यांच्या, शनिवार-रविवारच्या गर्दीत त्याहून अधिक. म्हणून ‘१ वाजता दर्शन, ३ वाजता खाली, ५ ची गाडी’ असा हिशेब करू नये. १ वाजताच्या तिकिटाला संध्याकाळी ६ पर्यंत मोकळीक ठेवावी आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवसाचीच घ्यावी.

वेळेबरोबरच प्रवेशाचे ठिकाण वाचावे. ३०० रुपयांच्या रांगेसाठी गेली काही वर्षे तिरुमलावरील एटीसी वाहनतळाच्या बाजूने प्रवेश दिला जात आहे. विनामूल्य दर्शनाची रांग दुसरीकडे असते. तिकिटावर जे नाव छापले असेल तेच खरे मानावे आणि वर पोहोचल्यावर तेच नाव सेवकांना दाखवून दिशा विचारावी. नुसते ‘दर्शनाची रांग कोठे आहे?’ असे विचारले तर माणसे भल्या मनाने सर्वदर्शनाच्या रांगेकडे बोट दाखवतात, आणि तेथे तासभर उभे राहिल्यावर चूक उमगते.

लवकर गेल्यास लवकर सोडतात, ही समजूतही चुकीची आहे. नेमलेल्या वेळेआधी येऊन प्रवेशाचा आग्रह धरू नये, असे आवाहन टीटीडीने वेळोवेळी केले आहे. फार आधी गेलेल्यांना बाहेरच थांबावे लागते. उशिराच्या बाबतीत ‘तासा-दोन तासांनी सोडतात’ अशा कहाण्या ऐकायला मिळतात. कोणाला कधी सवलत मिळालीही असेल, पण ती मागण्याचा हक्क तिकीट देत नाही, म्हणून तिच्या भरवशावर बेत आखू नये. वेळेच्या अर्धा तास आधी ठिकाणाजवळ असणे पुरेसे आहे.

आता ही वेळ गाठण्यासाठी उलट मोजणी करू या. पहिला मुद्दा म्हणजे तिरुपती आणि तिरुमला ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. रेल्वे थांबते ती पायथ्याच्या तिरुपतीला, आणि मंदिर आहे ते डोंगरावर तिरुमलाला. मध्ये सुमारे २२ किलोमीटरचा घाट आहे आणि घाटाच्या तोंडाशी अलिपिरी येथे प्रत्येक वाहनाची व सामानाची तपासणी होते. तंबाखू, सिगारेट, मद्य, मांस यांना वर बंदी आहे. पानतंबाखूची सवय असलेल्या आजोबांची चंची येथेच बाहेर निघते आणि सगळी बस खोळंबते, म्हणून ती खालीच ठेवावी. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी फास्टॅग चालू आहे याची खात्री करून घ्यावी. १५ ऑगस्ट २०२५ पासून वर जाणाऱ्या वाहनांना तो आवश्यक केलेला आहे. मध्यरात्रीनंतर काही तास घाट बंद असतो, हेही पहाटेच्या वेळेचे तिकीट असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हरिप्रिया एक्सप्रेस मिरजेहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोहोचते. कागदावर पाहिले तर सकाळी पोहोचून दुपारी १ चे दर्शन सहज जमते. पण गाडीला तीन तास उशीर झाला तर घाट, तपासणी, सामान ठेवणे आणि आंघोळ यांसाठी वेळच उरत नाही, आणि उशिराचे कारण रेल्वे आहे म्हणून तिकिटाची तारीख बदलत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या दिवशी पोहोचायचे त्या दिवसाचे दर्शन कधीही घेऊ नये. आपले कुटुंब सोमवारी पोहोचले, तिरुपतीत मुक्काम केला, संध्याकाळी तिरुचानूरला पद्मावती देवीचे दर्शन घेतले आणि मंगळवारचे १ वाजताचे तिकीट ठेवले, तर एक दिवसाचा खर्च वाढतो, पण पाचही तिकिटे सुरक्षित राहतात. येथे एक गोष्ट तपासावी. वर्षातून चार वेळा, उगादी, आणिवार आस्थानम्, ब्रह्मोत्सव आणि वैकुंठ एकादशी यांच्या आधीच्या मंगळवारी ‘कोइल आळ्वार तिरुमंजनम्’ हा मंदिरशुद्धीचा विधी असतो आणि सकाळी काही तास दर्शन बंद राहते. त्या दिवसांत रांग नेहमीपेक्षा लांबते.

मंगळवारचा क्रम असा लागतो. सकाळी ६ च्या बसने निघाले की तपासणी धरून साडेसातपर्यंत वर पोहोचता येते. आजोबांना केस अर्पण करायचे आहेत, त्यासाठी कल्याणकट्ट्यावर जायचे. तेथे मुंडन विनामूल्य होते, पण टोकनची रांग आणि त्यानंतरची आंघोळ धरून दीड तास गृहीत धरावा. त्यानंतर पुष्करिणीकाठच्या वराहस्वामींचे दर्शन घ्यावे, कारण बालाजीच्या आधी वराहस्वामींना नमस्कार करण्याची तेथील प्रथा आहे. साडेदहा-अकराला तरीगोंडा वेंगमांबा अन्नप्रसाद भवनात जेवण करून घ्यावे. बारा वाजता मोबाईल आणि सामान जमा करायचे आणि साडेबाराला प्रवेशाच्या ठिकाणी उभे राहायचे. अलिपिरीहून ३५५० पायऱ्या चढून पायी येणाऱ्यांनी याच मोजणीत चढणीचे तीन ते चार तास आणि विश्रांतीचा एक तास वेगळा धरावा. पायी आलो म्हणून तिकिटावरची वेळ पुढे जात नाही.

मोबाईल आणि कागद

दर्शनाच्या रांगेत मोबाईल, कॅमेरा आणि कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण नेता येत नाही. तिकीट मोबाईलमध्ये असेल आणि मोबाईल जमा केला असेल, तर हातात काहीच उरत नाही, एवढी ही सरळ गोष्ट आहे. तरीही दरवेळी जमा खिडकीसमोर कोणी ना कोणी ‘तिकीट यातच आहे’ म्हणत उभे असलेले दिसते. म्हणून तिकिटाच्या दोन छापील प्रती काढाव्यात, त्यांवरचा बारकोड घडीत चुरगळणार नाही असे ठेवावे आणि एक प्रत मुलाकडे व दुसरी सुनेकडे द्यावी. फिकट शाईचा प्रिंटर असेल तर पैसे देऊन दुसरीकडे छापून घ्यावे, कारण अस्पष्ट बारकोड स्कॅन होत नाही.

जमा केलेल्या मोबाईलची पावती मिळते. तो मोबाईल जेथे दिला तेथेच परत मिळेल असे नसते, कारण दर्शनानंतर आपण दुसऱ्याच बाजूने बाहेर पडतो. पावतीवर परत घेण्याचे ठिकाण वाचून घ्यावे. मोबाईल नसल्यामुळे चुकामूक झाली तर संपर्काचा मार्ग उरत नाही, म्हणून बाहेर आल्यावर कोठे भेटायचे ते आत जाण्याआधी ठरवावे आणि दोघा-तिघांनी एकमेकांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी त्या वेळची गोळी बरोबर ठेवावी, कारण एकदा आत गेल्यावर विसरलेल्या वस्तूसाठी बाहेर येऊन पुन्हा त्याच जागी जाता येत नाही.

पोशाखाची ओळ

तिकिटावर पोशाखाविषयी एक छोटी ओळ असते. पुरुषांसाठी धोतर-सदरा किंवा कुर्ता-पायजमा, आणि स्त्रियांसाठी साडी, हाफ साडी किंवा ओढणीसह चुडीदार. जीन्स, टी-शर्ट, हाफ पँट, स्कर्ट यांचे नाव त्यात नाही, आणि ज्याचे नाव नाही ते चालेल असे समजू नये. शर्ट-पँट घातलेले काही पुरुष रांगेत दिसतात, म्हणून ‘चालते हो’ असे सांगणारे भेटतील. छापलेल्या नियमाबाहेरची ही ढिलाई त्या दिवशी आपल्याला मिळेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि दाराजवळच्या दुकानात घाईने घेतलेल्या धोतराची किंमत घरच्या धोतराहून जास्त असते.

आपल्याकडचे कासोट्याचे धोतर आणि दक्षिणेकडे कमरेला गुंडाळतात ते वेष्टी, दोन्ही चालतात. ज्यांना धोतर नेसायची सवय नाही त्यांनी साधा पांढरा कुर्ता-पायजमा घालावा, कारण चार तासांच्या रांगेत, धक्काबुक्कीत सुटणारे धोतर सांभाळणे कठीण जाते. नऊवारी, पाचवारी, कोणतीही साडी उत्तम. अडचण येते ती मुलींच्या पोशाखात. कुर्ता आणि लेगिंग्ज घातले पण ओढणी नाही, यावर हमखास आक्षेप घेतला जातो. ओढणी असली पाहिजे आणि ती खांद्यावर घेतलेली असली पाहिजे. १४ वर्षांच्या नातीसाठी ओढणीसह सलवार-कमीज घरूनच काढून ठेवावी, ‘ती अजून लहान आहे’ या सबबीवर अवलंबून राहू नये.

एक गोष्ट तिकिटावर ठळकपणे दिसत नाही, पण मराठी स्त्रियांनी ती आवर्जून जाणून घ्यावी. तिरुमलावर फुले ही फक्त देवासाठी मानली जातात, त्यामुळे भाविकांनी केसांत फुले माळू नयेत असा तेथील संकेत आणि टीटीडीची सूचना आहे. आपल्याकडे देवदर्शनाला जाताना गजरा माळणे शुभ, त्यामुळे ही गोष्ट अगदी अनपेक्षित वाटते. आमच्या आत्याबाई तिरुपतीच्या स्थानकाबाहेर दोन वेण्या मोगऱ्याचा गजरा घेऊन, छान अंबाड्यावर माळून वर आल्या होत्या. रांगेच्या तोंडाशी एका सेविकेने हात जोडून, काही न बोलता केसांकडे बोट दाखवले. आत्याबाईंना आधी काही कळेना, मग शेजारच्या तेलुगू बाईंनी हिंदीत समजावले, तेव्हा त्यांनी गजरा सोडला, एकदा नाकाशी धरला आणि पुढच्या टोपलीत ठेवून दिला. त्यात राग मानण्यासारखे काही नाही, पण गजरा खाली तिरुपतीतच ठेवला असता तर बरे झाले असते.

धोतराला आणि बऱ्याचशा साड्यांना खिसा नसतो, ही साधी गोष्ट रांगेत फार जाणवते. तिकीट, ओळखपत्र, मोबाईलची पावती, हुंडीत टाकायचे पैसे आणि गोळ्या, एवढे सामान हातात धरून दोन तास चालणे शक्य नाही. गळ्यात अडकवायची एक छोटी कापडी पिशवी शिवून घ्यावी आणि मुलाच्या व सुनेच्या गळ्यात एकेक द्यावी. चपला बाहेरच राहतात आणि काही भाग उन्हात असतो, म्हणून दुपारच्या वेळेचे तिकीट असलेल्यांनी चपला गाडीत किंवा खोलीत न सोडता प्रवेशाजवळच ठेवाव्यात. मुंडन करणाऱ्यांनी आंघोळीनंतर घालायचे दर्शनाचे कपडे वेगळ्या पिशवीत वर न्यावेत, नाहीतर केसांनी भरलेल्या सदऱ्यावरच रांगेत उभे राहण्याची वेळ येते.

दर्शन झाल्यावर तिकीट टाकू नका

गाभाऱ्यासमोरून पुढे सरकल्यावर, हुंडीत दक्षिणा टाकून बाहेर पडल्यावर अनेकांना तिकीट हा निरुपयोगी कागद वाटतो आणि तो जवळच्या डब्यात जातो. पण दर्शन घेणाऱ्या प्रत्येकाला एक छोटा लाडू विनामूल्य मिळतो आणि तो मागताना लाडूच्या खिडकीवर हेच तिकीट दाखवावे लागते. जास्तीचे लाडू ५० रुपयांना एक याप्रमाणे वेगळे घेता येतात. गल्लीतल्या सगळ्या घरांत प्रसाद वाटायचा असेल तर त्यासाठी सुटे पैसे कापडी पिशवीत आधीच ठेवलेले बरे, कारण या क्षणीही मोबाईल आपल्याजवळ नसतो. लाडू घेऊन झाले की पावतीवर लिहिलेल्या ठिकाणी जाऊन मोबाईल घ्यावेत, आणि मग ठरलेल्या जागी सगळे जण पोहोचले आहेत की नाही ते मोजून पाहावे.